दोन खुणांमधला मजकूर: `.*?` नेमकं काय करतं आणि काय करत नाही

विकिपीडियाच्या लेखाचा स्रोत संपादनासाठी उघडला की त्याचा कच्चा मजकूर दिसतो. त्यात दुसऱ्या लेखाकडे जाणारा प्रत्येक दुवा दुहेरी चौकोनी कंसात असतो. समजा, अशा मजकुरात ही ओळ आहे:

```
[[पुणे]] शहरातून [[मुठा]] नदी वाहते.
```

यातून आपल्याला `पुणे` आणि `मुठा` हे दोनच शब्द हवे आहेत. सुरुवातीची खूण `[[`, शेवटची `]]`, आणि मधे काहीही. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे रेजेक्समध्ये, हे लिहिताना प्रत्येक कंसाच्या आधी उलटी तिरकी रेघ देतात, कारण रेजेक्समध्ये चौकोनी कंसाला स्वतःचा वेगळा अर्थ आहे. 'मधे काहीही' यासाठी `.*` लिहितात. टिंब म्हणजे कुठलंही एक चिन्ह आणि तारा म्हणजे ते शून्य किंवा कितीही वेळा. गोल कंसात येतं ते आपल्या हाती पडतं.

```python
import re
s = "[[पुणे]] शहरातून [[मुठा]] नदी वाहते."
re.findall(r"\[\[(.*)\]\]", s)
# ['पुणे]] शहरातून [[मुठा']
```

दोन शब्दांऐवजी एकच लांबलचक तुकडा आला. यात पायथनची काही चूक नाही. तारा मुळात ग्रीडी, म्हणजे हावरा असतो: मिळेल तेवढं आधी घ्यायचं आणि अडलं तरच परत द्यायचं. त्यामुळे पहिला `[[` जुळला की `.*` थेट ओळीच्या शेवटच्या टिंबापर्यंत जातो. तिथे पुढे काहीच उरलेलं नसतं आणि नमुन्याला तर `]]` हवा असतो. मग तो एकेक चिन्ह परत द्यायला लागतो आणि दर वेळी पुढे `]]` आहे का ते बघतो. ` नदी वाहते.` यात सुरुवातीची मोकळी जागा धरून 11 चिन्हं आहेत, कारण इथे काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. ती 11 आणि कंसाची दोन अशी 13 चिन्हं परत दिल्यावर `]]` सापडतो. हा मात्र मुठाचा `]]` आहे. उजवीकडून मागे येणाऱ्याला आधी तोच भेटणार. नमुना पूर्ण जुळला, तेव्हा काम तिथेच थांबतं आणि पुण्याच्या `]]`पर्यंत कोणी पोहोचतच नाही.

यावर सगळेच सांगतात तो उपाय म्हणजे ताऱ्यानंतर प्रश्नचिन्ह.

```python
re.findall(r"\[\[(.*?)\]\]", s)
# ['पुणे', 'मुठा']
```

`.*?` हा लेझी, म्हणजे आळशी प्रकार. तो आधी शून्य चिन्हं घेतो आणि `]]` आला का ते बघतो. नसेल तर एक चिन्ह घेतो आणि पुन्हा बघतो. `प`, उकार, `ण`, मात्रा अशी चार चिन्हं घेतल्यावर `]]` समोर येतो आणि पहिला शब्द हाती लागतो. मग शोध तिथून पुढे चालू होतो आणि मुठाही तसाच सुटा मिळतो.

इथे बहुतेक जण समाधानाने थांबतात, आणि 'लेझी म्हणजे सर्वात छोटा तुकडा' अशी समजूत मनात पक्की होते. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे तारा आला कुठून ते पाहिलं की कळतं. तो स्टीफन क्लिनी या गणितज्ञाचा. त्याने 1951 साली ही कल्पना मांडली तेव्हा प्रश्न एवढाच होता की अक्षरांची अमुक मालिका नमुन्यात बसते की नाही. त्या प्रश्नापुरते `.*` आणि `.*?` अगदी सारखे आहेत, कारण दोन्ही 'काहीही' स्वीकारतात. मोठ्या मजकुरातून *कुठला तुकडा* उचलायचा, हा प्रश्न आला की मगच दोघांत फरक पडतो. प्रश्नचिन्हाने फक्त पर्याय तपासायचा क्रम बदलतो: ग्रीडी लांबून सुरुवात करतो, लेझी जवळून. मधे काय चालेल आणि काय चालणार नाही, याबद्दल प्रश्नचिन्ह काहीच म्हणत नाही.

आता वरच्याच ओळीत फक्त नदीचं नाव शोधू. ज्या दुव्यानंतर ` नदी` येतं तोच हवा.

```python
re.findall(r"\[\[(.*?)\]\] नदी", s)
# ['पुणे]] शहरातून [[मुठा']
```

लेझी असूनही पुन्हा तोच लांब तुकडा! पहिल्या `[[`पासून निघालेला `.*?` पुण्याच्या `]]`पाशी थांबून बघतो, पण पुढे ` नदी` नाही, ` शहरातून` आहे. तेवढ्यावर तो हार मानत नाही. टिंबात `]` सुद्धा बसतो, म्हणून तो कंस गिळून पुढे सरकतो आणि नमुना जिथे पूर्ण जुळतो तिथपर्यंत जातो.

दुसरा घोटाळा डाव्या बाजूला होतो. कोणीतरी दुवा बंद करायला विसरलं आणि ओळ `[[मुळा आणि [[मुठा]]` अशी राहिली, तर लेझी नमुना `मुळा आणि [[मुठा` देतो. शोध नेहमी डावीकडून सुरू होतो आणि ज्या जागेपासून जुळणी शक्य आहे ती पहिली जागा पक्की होते. लेझीपणा फक्त उजवं टोक जवळ ओढतो, डावं टोक हलवत नाही.

म्हणून मी `.*?`पेक्षा मधे काय चालणार नाही ते स्पष्ट लिहिणं पसंत करतो. दुव्याच्या नावात चौकोनी कंस येत नाही, तर तेच सांगायचं:

```python
re.findall(r"\[\[([^\[\]]*)\]\] नदी", s)
# ['मुठा']
```

`[^\[\]]` हा चिन्हांचा वर्ग, म्हणजे चौकोनी कंस सोडून कुठलंही चिन्ह. इथला तारा ग्रीडीच आहे, तरी बिघडत नाही, कारण त्याला कंस ओलांडताच येत नाही. पुण्यापासून निघालेली जुळणी ` नदी` न मिळाल्याने तिथेच फसते आणि शोध पुढच्या `[[`वर जातो. बंद न केलेल्या दुव्याच्या ओळीतही हाच वर्ग वापरला की फक्त `मुठा` मिळतो. एक फरक मात्र लक्षात ठेवायचा. टिंब सहसा ओळ ओलांडत नाही, हा वर्ग ओलांडतो. तसं नको असेल तर `[^\[\]\n]` लिहावं.

हाती आलेले तुकडे बरोबर आहेत का, हे तपासायची सोपी खूण आहे: ज्या तुकड्याच्या पोटात सुरुवातीची खूण पुन्हा दिसते तो संशयित. हजारो दुवे असले तरी `[x for x in m if "[[" in x]` एवढ्या ओळीत ते वेगळे काढता येतात. इथे `m` म्हणजे `findall`ने दिलेली यादी.

तेच काम टर्मिनलवर करणाऱ्यांनी जास्त जपावं. लेझी प्रश्नचिन्ह पर्ल 5 या भाषेमुळे रूढ झालं आणि जुन्या युनिक्स साधनांच्या नियमांत ते नाही. GNU `grep -E`ला `.*?` दिलं तर तो तक्रार करत नाही, गुपचूप ग्रीडी जुळणी करतो. तिथे `grep -P` वापरावा लागतो. कंस वगळणारा वर्ग मात्र दोन्हीकडे चालतो, फक्त `-E`मध्ये तो `[^][]` असा लिहायचा.

आणि विकिपीडियावर एक प्रकार असा आहे की तिथे यातलं काहीच पुरत नाही:

```
[[चित्र:Wada.jpg|इवलेसे|[[पुणे]] येथील शनिवारवाडा]]
```

दुव्याच्या पोटात दुवा. लेझी नमुना `चित्र:Wada.jpg|इवलेसे|[[पुणे` असा अर्धवट तुकडा देतो, तर कंस वगळणारा वर्ग आतलं `पुणे` देतो आणि चित्राचा दुवा सोडून देतो. क्लिनीच्या अर्थाच्या रेजेक्सला किती कंस उघडले आणि किती मिटले याचा हिशोब कितीही खोलीपर्यंत ठेवता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. नुसती लेखांची नावं हवी असतील तर आतलं `पुणे` मिळालं तरी भागतं. चित्राची पूर्ण ओळ हवी असेल तर पायथनमधल्या `mwparserfromhell`सारख्या लायब्ररीने कंसांच्या जोड्या लावून घ्याव्यात.