ऑरेटोरिओ म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीचा ऑपेरा?

"ऑरेटोरिओ म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत गायचा ऑपेराच ना?"

नाही हो. संगीतकार हँडेलचंच बघा, १७३२ मध्ये लंडनला त्याचा 'एस्थर' हा ऑरेटोरिओ चक्क ऑपेराच्याच थिएटरात झाला, तिकीट लावून, फक्त जाहिरातीत आधीच सांगून टाकलेलं की स्टेजवर अभिनय होणार नाही, कारण बायबलमधली कथा थिएटरात अभिनय करून दाखवणं लंडनच्या बिशपला पटत नव्हतं. म्हणजे कथा धार्मिक, पण प्रेक्षक ऑपेराचेच, आणि नाट्य सगळं गाण्यातून, त्यातही कोरसला ऑपेरापेक्षा कितीतरी जास्त काम.

उपासनेतला प्रकार म्हणजे पॅशन, येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाऊन सांगणारी रचना. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' लाइपझिगच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेत व्हायचं, दोन भागांच्या मधे इंटरव्हल नाही, प्रवचन! तिथे तिकीट काढून आलेले प्रेक्षक नव्हते, भाविक होते.