स्ट्रॅपलेस आणि बॅकलेस: नेहमीचा साइज का घसरतो?

खांद्यावर पट्टे दिसू नयेत म्हणून घ्यायची ती स्ट्रॅपलेस ब्रा आणि पाठ उघडी राहावी म्हणून घ्यायची ती बॅकलेस. दुकानात दोन्ही शेजारीशेजारी टांगलेल्या असतात, पण त्या अंगावर टिकतात वेगवेगळ्या कारणांनी.

स्ट्रॅपलेसचा सगळा भार छातीखालच्या बँडवर असतो. तसा साध्या ब्रातही बराचसा भार बँडच उचलतो, फक्त तो सैल असला तरी पट्टे सांभाळून घेतात आणि आपल्या लक्षात येत नाही. एक खूण मात्र दिसते: पाठीमागून बँड वर चढतो, कारण पट्टे त्याला ओढतात. पट्टे काढले की तोच सैल बँड खाली येतो. दोष एकच, फक्त दिशा उलटी. आतल्या काठाला लावलेली सिलिकॉनची पट्टी घसरण थोडी रोखते, पण बँड घट्ट नसेल तर तिचा उपयोग नाही. लोशन किंवा पावडरवर तर ती धरतच नाही.

समजा, नेहमीचा साइज 36B आहे. घरी तीच ब्रा घालून पट्टे खांद्यावरून उतरवा, हात वर करा, थोडं चाला. बँड सरकला तर स्ट्रॅपलेस 34 मध्ये बघायची. पण 34B नाही, 34C. बँडचा आकडा दोनने कमी झाला की त्याच अक्षराचा कपही लहान होतो, म्हणून अक्षर एकने वाढवायचं. कपातली जागा तेवढीच राहते. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे. आतले हुक बँड पुढे सैलावेल तेव्हासाठी असतात.

इतकं करूनही घसरली तर कप बघा. स्ट्रॅपलेसचे कप बहुतेक साच्यात घडवलेले असतात, त्यांचा आकार ठरलेला. भरीवपणा खालच्या बाजूला असेल तर वरच्या काठाशी पोकळी राहते, आणि ती ओढून बसवायला पट्टे नसतात. अशा वेळी मोठा कप घेऊन पोकळी वाढतेच. कमी उंचीचा कप बरा. उलट कप लहान असेल तर तो अंगाला नीट टेकत नाही आणि सगळी ब्रा खाली ढकलली जाते. काठावरून मांस बाहेर येत असेल तर हेच समजा.

चिकटणाऱ्या बॅकलेसमध्ये बँडच नसतो. तिथे 34 की 36 याला अर्थ नाही, फक्त कपाचा आकार मोजायचा. भार गोंदावर, म्हणजे थेट त्वचेवर येतो. त्वचा धुऊन पूर्ण कोरडी केलेली हवी. घाम आला की कडा सुटू लागतात. स्तन जड असतील तर ही ब्रा आकार देते, पण उचलून धरत नाही, आणि जाहिरातीतले फोटो हे सांगत नाहीत. मोठा कप घेतला तर कडा त्वचेच्या वळणावर दुमडते आणि तिथूनच निघायला लागते. काढताना खसकन ओढू नका, कडेपासून हळूहळू सोडवा. उन्हाने भाजलेल्या किंवा पुरळ आलेल्या त्वचेवर ती लावूच नये.