फ्री डिलिव्हरीसाठी आणखी एक वस्तू घेतली, तर बिल कमी होतं का?

किराणा मागवायच्या ॲपवर कार्टच्या खाली एक पट्टी दिसते: ‘आणखी २१ रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी फ्री मिळवा.’ काही जण ही निव्वळ लुबाडणूक समजून पुढे जातात, काही जण डोळे मिटून बिस्किटाचा पुडा टाकतात. बिल खरोखर कमी होऊ शकतं, पण ठरावीक पट्ट्यातच, आणि तो पट्टा तोंडी हिशेबानेही काढता येतो.

समजा, फ्री डिलिव्हरीची मर्यादा १९९ रुपये आहे आणि त्याखाली २५ रुपये डिलिव्हरी चार्ज लागतो. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साडेचार रुपये. इथेच पहिली चूक होते, कारण पट्टीवर २५ दिसतात आणि खिशातून २९.५० जातात. कार्टमध्ये १७८ रुपयांचा माल असेल तर बिल २०७.५० होतं. त्यात २२ रुपयांचा पुडा टाकला की माल २०० चा, डिलिव्हरी शून्य, बिल २००. पुडा तर मिळालाच, वर साडेसात रुपये वाचले.

आता माल १५० चाच आहे असं धरू. मर्यादेला ४९ कमी पडतात. काही न घेता बिल १७९.५०, आणि ४९ चा साबण घेतला तर १९९. म्हणजे साडेएकोणीस रुपये जास्तच गेले. नियम एवढाच की जादा वस्तूची किंमत तुटीइतकी तरी हवी आणि करासहित डिलिव्हरी चार्जपेक्षा कमी हवी. तूटच चार्जपेक्षा मोठी असेल, तर कोणतीही वस्तू घ्या, बिल वाढणारच.

याचा आलेख काढला तर गंमत दिसते. आडव्या अक्षावर मालाची किंमत, उभ्यावर बिल घ्या. रेघ सरळ चढत जाते, १९८ च्या मालाला २२७.५० पर्यंत पोचते आणि १९९ ला एकदम १९९ वर कोसळते. या कड्यामुळे १६९.५० ते १९९ हा पट्टा तोट्याचा ठरतो. त्यात थांबणारा प्रत्येक जण १९९ चा माल नेणाऱ्यापेक्षा कमी माल घेऊन जास्त पैसे मोजतो. प्राप्तिकरातही असाच कडा तयार झाला असता. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, पण १२ लाख १० हजारांवर नेहमीच्या टप्प्यांनी ६१,५०० रुपये कर निघतो. दहा हजार जास्त कमावून साठ हजार गमवायला नकोत, म्हणून मार्जिनल रिलीफ देऊन हा कर दहा हजारांवर रोखतात (सेस वेगळा). कार्टला अशी सवलत कोणी देत नाही. दुकानदाराला तो कडा हवाच असतो.

पट्ट्याबाहेरही जादा वस्तू कधी परवडते. वरच्या उदाहरणात ४९ चा साबण प्रत्यक्षात साडेएकोणीस रुपयांना पडला. तो लागणारच होता, तर व्यवहार चांगला. मात्र ‘पुढच्या आठवड्याचं आजच घेऊ’ म्हणताना एक गोष्ट निसटते. पुढच्या आठवड्याची यादी साबणासकट २१५ ची होणार असेल, तर साबण आज उचलल्यावर ती १६६ वर येते आणि तेव्हा डिलिव्हरी चार्ज लागतो. चार्ज वाचला नाही, फक्त आठवडाभर पुढे गेला. साबण कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणणार असाल तर हा प्रश्न येत नाही. आणि ऑर्डर झाल्यावर ॲपवर रंगीत कागद उधळत ‘तुम्ही २९.५० वाचवले’ असं येतं, ते मनावर घेऊ नका. त्या आकड्यात जादा वस्तूची किंमत धरलेलीच नसते.

हिशेब सर्वांत जास्त फसतो तो कूपनमुळे. काही ॲप मर्यादा कूपनआधीच्या रकमेवर मोजतात, काही नंतरच्या. नंतरच्या रकमेवर मोजणाऱ्या ॲपवर १० टक्क्यांचं कूपन लावलं, तर १७८ अधिक २२ म्हणजे २०० चे १८० होतात, डिलिव्हरी चार्ज परत बसतो आणि बिल २०९.५० होतं. पुडा न घेता, फक्त कूपन लावून १८९.७० मध्ये सुटका होत होती. म्हणून आधी कूपन लावायचं, मग तूट बघायची. हँडलिंग चार्ज मर्यादा ओलांडल्यावरही तसाच राहत असेल, तर तो दोन्ही बाजूंना सारखाच येतो, त्यामुळे तुलनेत धरू नये. पण छोट्या ऑर्डरसाठी वेगळा ‘स्मॉल कार्ट’ चार्ज असेल आणि जादा वस्तूने तोही जात असेल, तर तो डिलिव्हरी चार्जमध्ये मिळवायचा. तेवढा पट्टा रुंदावतो. पैसे भरण्यापूर्वी वस्तू एकदा काढून आणि एकदा टाकून, दोन्ही वेळा सर्वांत खालची देय रक्कम वाचली की आकडेमोडीचीही गरज उरत नाही.