हॅबिट स्टॅकिंग

हॅबिट स्टॅकिंग म्हणजे रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला दुसरं नवीन, छोटंसं काम बांधून टाकणं. जुनं काम इथे अँकर, म्हणजे खुंटी समजा, आणि नवीन काम त्या खुंटीला बांधायचं. वाक्य एकाच साच्याचं असतं, "अमुक झालं की लगेच मी तमुक करणार". चहाचा कप विसळून ठेवला की ओट्याजवळच्या कुंडीला पाणी घालणार, गाडीची चावी हुकला अडकवली की मोबाईल चार्जिंगला लावणार, असं. दिसायला अगदीच साधं आहे, पण बहुतेकांचं ते दोन आठवड्यांत बारगळतं, आणि बऱ्याचदा त्याला कारण नवीन काम नसतं तर खुंटी चुकीची निवडलेली असते, त्यामुळे या नोंदीत खुंटीबद्दलच जास्त लिहिलंय.

हॅबिट स्टॅकिंग हे नाव एस. जे. स्कॉट यांच्या 2014 च्या पुस्तकामुळे पसरलं आणि 2018 नंतर जेम्स क्लिअर यांनी ते घराघरात नेलं. खरं डोकं मात्र त्याआधीचं, स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग 2011 पासून लोकांना हेच शिकवत होते, अँकर हा शब्दही त्यांचाच आणि फक्त एकच दात फ्लॉस करा, म्हणजे दोऱ्याने दातांची फट साफ करा, हा त्यांचा सल्ला तर फेमसच झाला. आणखी मागे गेलं तर मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं 1990 च्या दशकातलं काम सापडतं, त्यांनी दाखवलं की "मी व्यायाम करणार" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडलं की करणार" असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते.

आपल्याकडे नाव नव्हतं पण गोष्ट होतीच. देवाजवळ दिवा लावला की शुभंकरोती, हे शुद्ध हॅबिट स्टॅकिंग आहे. सात वाजले म्हणून कोणी शुभंकरोती म्हणत नव्हतं, दिवा लागला म्हणून म्हणायचे, आणि पोरं अंगणात असली तरी हाक मारून आणायचे. माझं मत असं की बऱ्याच घरांतून ते गेलं ते श्रद्धा कमी झाली म्हणून नाही, तर संध्याकाळी ठराविक माणसाने ठराविक वेळी दिवा लावायचं कामच गेलं, सगळे आठ-नऊला घरी येणार, मग खुंटीच नाही तर बांधणार कुठे.

घड्याळापेक्षा खुंटी सोपी का पडते याचं कारण लक्षात ठेवण्याच्या पद्धतीत आहे. "साडेसहाला गोळी घ्यायची" हे लक्षात ठेवायचं तर मधूनमधून घड्याळाकडे बघायला लागतं, म्हणजे डोक्याचा एक कोपरा त्यातच अडकतो. "ब्रश झाला की गोळी" यात तसं काही नाही, ब्रश तर होणारच आहे आणि तोच आठवण करून देणार. मोबाईलचा अलार्म लावला तर काय बिघडतं असं कोणी विचारेल. अलार्मने काम होतं, खोटं नाही, पण लंडनच्या संशोधकांनी 2015 मध्ये यावर अभ्यास केला तेव्हा दिसलं की रिमाइंडरने लोक काम करत राहतात पण ते अंगवळणी पडायला मात्र त्याने अडथळाच येतो. कारण सरळ आहे, लक्षात ठेवायचं काम फोन करतोय, डोक्याला ती गाठ मारायची गरजच पडत नाही.

आता खुंटीच्या आधी की नंतर, हा मुद्दा जरा नीट बघू, कारण लोक इथेच चुकतात. 2013 मध्ये ब्रिटनमध्ये 50 लोकांवर एक छोटा अभ्यास झाला, विषय होता दात फ्लॉस करणं. अर्ध्या लोकांना सांगितलं ब्रशच्या आधी फ्लॉस करा, अर्ध्यांना सांगितलं ब्रशच्या नंतर. चार आठवडे झाले आणि नंतर आठ महिन्यांनी पुन्हा विचारलं, तर ब्रशनंतर करणाऱ्यांची सवय जास्त पक्की निघाली. अभ्यास लहान आहे त्यामुळे फार ताणू नये, पण घरी करून बघा म्हणजे पटेल. "ब्रशच्या आधी" ही घडणारी गोष्टच नाहीये. तुम्ही बाथरूममध्ये गेलात, हात सवयीने ब्रशकडे गेला, पेस्ट लागली, तोंडात फेस झाला आणि मग आठवलं अरे फ्लॉस राहिलं. "ब्रशच्या नंतर" मात्र घडतं, चूळ भरली, ब्रश पेल्यात ठेवला, खट्ट आवाज झाला, हात रिकामा झाला. हा रिकामा झालेला हात हीच खरी खुंटी, नवीन काम तिथेच बसवायचं.

आमच्याच घरातलं उदाहरण सांगतो. आईला थायरॉइडची गोळी सुरू झाली. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण चहा-कॉफी, दूध यांनी ती अंगात नीट शोषली जात नाही, आणि कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात चार तास अंतर ठेवायला सांगतात. आईने पहिल्यांदा जे ठरवलं ते कोणीही ठरवेल तेच, "सकाळच्या चहाबरोबर गोळी". खुंटी म्हणून चहा एक नंबर, तो आमच्याकडे कधीच चुकत नाही, गोळीही रोज जायला लागली, पण औषधाच्या दृष्टीने सगळंच चुकीचं. म्हणजे खुंटी भक्कम असून भागत नाही, नवीन काम तिथे चालतंय का तेही बघायला लागतं.

मग "चहाच्या अर्धा तास आधी" असं ठरवलं, आणि ते तर चारच दिवस टिकलं, कारण वर सांगितलं तेच, "आधी" ही खुंटीच नसते. आधण ठेवलं की आठवायचं, मग गोळी घेऊन अर्धा तास चहा थांबवायचा म्हणजे बाबांची कटकट. शेवटी आम्ही कागद घेऊन बसलो आणि आई उठल्यापासून चहापर्यंत काय काय करते ते क्रमाने लिहिलं. उठणं, पाणी तापत ठेवणं, ब्रश, चूळ, दार उघडून दुधाची पिशवी आत घेणं, केर, आंघोळ, देवपूजा, मग चहा. यात ब्रशपासून चहापर्यंत आरामात पाऊण तास जातो. म्हणून ठरलं, "ब्रश पेल्यात ठेवला की गोळी". गोळीची स्ट्रिप बेसिनवर नाही ठेवली, तिथे ओल असते, बाहेरच्या फळीवर पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली, बाथरूममधून बाहेर आलं की समोरच दिसेल अशी. हे दोन पावलांचं अंतर महत्त्वाचं आहे, स्ट्रिप बेडरूमच्या कपाटात असती तर कपाटापर्यंत जाताना मध्ये दूधवाल्याची बेल वाजली असती आणि संपलं.

दीड-दोन महिन्यांनी एक वेगळाच घोळ सुरू झाला जो मला आधी सुचलाच नव्हता. सवय इतकी लागली की आईला गोळी घेतल्याचं आठवेचना. "घेतली का गं मी?" असं रोज. हे चांगलं लक्षण आहे खरं तर, काम आपोआप व्हायला लागलं की त्याची आठवण राहत नाही, पण औषधाच्या बाबतीत ते धोक्याचं, कारण शंका आली की माणूस दुसरी घेतो. त्यावर उपाय म्हणून सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेली डबी आणली, रविवारी रात्री भरायची, कप्पा रिकामा म्हणजे घेतली, विषय संपला. झाडाला पाणी किंवा दोन सूर्यनमस्कार बांधणार असाल तर याची गरज नाही.

दीड-दोन महिने हा आकडा आमच्या घरचा असला तरी फार वेगळा नाहीये. 21 दिवसांत सवय लागते हे जे सगळे सांगतात त्याला आधार नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये 96 लोकांना 84 दिवस पाहिलं, प्रत्येकाने रोजच्या एका कामाला खाणं, पिणं किंवा व्यायाम यातलं काहीतरी जोडलं होतं, तर काम आपोआप होऊ लागायला मधला आकडा 66 दिवस आला आणि लोकांमधला फरक 18 पासून पार 254 दिवसांपर्यंत, त्यातले 84 च्या पुढचे आकडे अर्थात गणिताने काढलेला अंदाज. पेलाभर पाणी पटकन बसतं, व्यायामाला वेळ लागतो. आणि एखादा दिवस चुकला तर सगळं मुळापासून सुरू होत नाही, हेही त्यातच दिसलं.

बिघडलं की नक्की कुठे बिघडलं हे ओळखायची एक साधी खूण आहे. काम आठवतच नाही, किंवा रोज वेगळ्याच वेळी आठवतं, तर दोष खुंटीचा. "जेवणानंतर", "ऑफिसमधून आल्यावर" या अशाच ढिल्या खुंट्या, जेवण नक्की संपतं कधी, ताटावरून उठल्यावर, भांडी घासल्यावर, की सोफ्यावर बडीशेप खाताना? तिथे "माझं ताट सिंकमध्ये ठेवलं की" असं बारीक करायचं. पण काम बरोबर जागी आठवतंय आणि तरी "उद्या करू" होतंय, तर खुंटी ठीक आहे, कामच मोठं झालंय, वीस मिनिटांचं दोन मिनिटांवर आणा. तिसरी गोष्ट म्हणजे खुंटीची आणि कामाची वारंवारता जुळत नाही, ऑफिसच्या लॅपटॉपला खुंटी केली तर शनिवार-रविवार काम राहतंच आणि सोमवारी पुन्हा आठवावं लागतं. एकावर एक चार-पाच कामांची माळ ओवणारेही असतात, त्यात मधलं एक जरी राहिलं तर पुढची सगळी राहतात, म्हणून पहिलं अंगवळणी पडल्याशिवाय दुसरं जोडू नये.

या पद्धतीला डोक्यावर घेणाऱ्यांनी एक अभ्यास बघावा. 2021 मध्ये जर्मनीत 192 लोकांवर तुलना झाली, काहींनी काम रोजच्या रुटीनला जोडलं, काहींनी ठराविक वेळेला, आणि सवय लागण्यात दोन्हींत फरक असा काही दिसला नाही. म्हणजे ज्याचा दिवस घड्याळावर चालतो, शाळेची घंटा किंवा लोकलची ठरलेली गाडी, त्याला वेळसुद्धा खुंटीचं काम देते. शिफ्ट ड्युटीवाल्यांना मात्र ते जमणार नाही, त्यांच्यासाठी रुटीनच बरं.

आणि खुंटी घरात ठोकलेली असते हे प्रवासात कळतं. आई भावाकडे पुण्याला गेली तेव्हा आठ दिवसांत तीन गोळ्या चुकल्या, ब्रश होत होता पण बाहेर आल्यावर समोर फळी नाही, तांब्या नाही, गोळ्या बॅगेत. आता जाताना ती डबी ब्रशलाच रबरबँड लावून बांधते, म्हणजे तिकडे ब्रश काढायचा तर आधी डबी सोडवावी लागते.