इस्त्रीला चालणारे पाणी रोज पिण्यासाठी का नको?

पाण्याची वाफ होते तेव्हा त्यात विरघळलेले क्षार वाफेबरोबर जात नाहीत, ते मागे उरतात. ऊर्ध्वपातनात याच गुणाचा उपयोग करून वाफ थंड केली जाते आणि जवळजवळ क्षारमुक्त असे डिस्टिल्ड पाणी मिळते. डीएम म्हणजे क्षारविरहित पाण्यासाठी मात्र सहसा पाणी रेझिनच्या बारीक मण्यांवरून सोडतात आणि ते मणी क्षारांचे आयन धरून ठेवतात.

वाफेच्या इस्त्रीत नेमके जे घडते ते पाहू. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि त्याचा पांढरा थर तळाच्या छिद्रांभोवती धरतो. एका लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा असलेले पाणी आठवड्याला ३०० मिलिलिटर वापरले, तर वर्षाकाठी १५ लिटरमधून सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडू शकते. छिद्रे बुजवायला आणि कपड्यांवर पांढरे डाग पाडायला एवढे पुरते. तरीही काही उत्पादक निव्वळ डिस्टिल्ड पाणी न वापरता साध्या पाण्यात मिसळून वापरायला सांगतात, म्हणून इस्त्रीबरोबरची पुस्तिका आधी वाचावी.

झाकणे उघडून पाणी घालता येणाऱ्या गाडीच्या बॅटरीत प्रश्न अधिक नाजूक असतो. चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात, थोडे पाणी उन्हाळ्यात उडूनही जाते, पण गंधकाम्ल आतच राहते. म्हणून पातळी घटली की आम्ल न घालता फक्त पाणी घालायचे असते. ते नळाचे असेल तर प्रत्येक वेळी थोडे क्षार आत जातात आणि कधीच बाहेर येत नाहीत. त्यांतील क्लोराइडमुळे धन प्लेटची झीज वाढते. लोहाची करामत तर पाहण्याजोगी आहे: लोहाचा आयन धन प्लेटपाशी एक इलेक्ट्रॉन गमावतो, द्रवातून ऋण प्लेटपाशी पोहोचून तो परत मिळवतो आणि पुन्हा मागे फिरतो. प्रत्येक फेरीत दोन्ही प्लेटांवरील थोडा थोडा चार्ज वाया जातो, त्यामुळे उभी असलेली गाडीही बॅटरी रिकामी करत राहते. पाणी घालायचे ते चार्जिंग झाल्यावर, खुणेपर्यंतच. कारण चार्जिंगमध्ये पातळी चढते आणि आधीच काठोकाठ भरले असेल तर आम्ल बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर तेवढ्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे.

वैद्यकीय उपकरणांपैकी निर्जंतुकीकरणाच्या ऑटोक्लेव्हचे दुखणे इस्त्रीसारखेच आहे. डायलिसिसचे मात्र वेगळे. मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहिला, तर चार तासांच्या एका सत्रात १२० लिटर द्रव लागतो आणि तो रुग्णाच्या रक्तापासून केवळ एका पातळ पटलाने वेगळा असतो. पिण्याच्या पाण्यातील ॲल्युमिनियमचा अगदी थोडाच अंश आतड्यातून रक्तात शिरतो. इथे आतड्याचा तो अडसरच नाही. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनियममुळे रुग्णांना स्मृतिभ्रंश आणि हाडांचे विकार झाले होते. म्हणून हे पाणी आधी शुद्ध करतात आणि नंतर त्यात मोजून क्षार मिसळतात.

निरोगी शरीरात मात्र क्षार असे साठून राहत नाहीत, कारण जास्तीचे क्षार मूत्रपिंडे बाहेर टाकतात. त्यामुळे पिण्याचे पाणी क्षारमुक्त करण्याचे ते कारणच उरत नाही. उलट, असे पाणी प्यायल्याने रक्तपेशी फुटतात, ही भीतीही चुकीची आहे. रक्ताशी समतोल राखणाऱ्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, तर नळाच्या पाण्यात सारे क्षार मिळून बहुधा अर्धा ग्रॅमही नसतात. म्हणजे रक्ताच्या तुलनेत दोन्ही पाणी जवळपास सारखेच पातळ ठरते. पोटात ते पाचक रसांत मिसळून हळूहळू शोषले जाते. थेट शिरेत मोठ्या प्रमाणात निव्वळ शुद्ध पाणी सोडले, तर मात्र पेशी खरोखर फुटतात.

एक पेलाभर डिस्टिल्ड पाणी पोटात गेले म्हणून घाबरू नये, पण रोजच्या वापराची गोष्ट निराळी. लिटरला ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले पाणी दिवसाला दोन लिटर प्यायले तर १६० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या साधारण १००० मिलिग्रॅमच्या गरजेचा सहावा हिस्सा मिळतो. आहार चौरस असेल तर ही तूट भरून निघते, बेताचा असेल तर जाणवू शकते. शिवाय क्षार नसलेले पाणी बेचव लागते आणि धातूच्या नळांतून किंवा भांड्यांतून धातू सहज विरघळवून घेते.

बाजारात बॅटरीसाठी मिळणाऱ्या पाण्याबद्दल माझा आक्षेप अधिक साधा आहे. रेझिन आयन काढते, जंतू नव्हे. उलट बरेच दिवस वापरलेल्या रेझिनवर जंतू वाढूही शकतात. हे पाणी बॅटरीसाठी तपासलेले असते आणि त्याचा डबाही खाद्यपदार्थांसाठी बनवलेला असेलच असे नाही, त्यामुळे त्यात क्षार किती कमी आहेत हे कळले तरी ते पिण्याजोगे आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.