मे महिन्यात अडकणारं ग्राफिक्स कार्ड

भाच्याचं घर जळगावात, एका जिनिंगच्या जवळ. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की रुईचे बारीक तंतू खिडकीच्या जाळीत अडकतात, तसेच ते कॉम्प्युटरच्या पंख्यातही जातात. मे महिन्यात त्याचा फोन आला, "मामा, गेम दहा मिनिटं छान चालतो, मग अडकत अडकत चालतो. जानेवारीत असं होत नव्हतं." कार्ड २०१७ साली घेतलेलं, जीटीएक्स १०६०.

जानेवारीत का होत नव्हतं, हे आधी समजून घेऊ. कार्डावरचा कूलर, म्हणजे मुख्य चिपवर बसवलेली धातूची पाती आणि पंखा, चिपला ठरावीक तापमानावर आणून ठेवत नाही. तो चिप आणि खोलीच्या हवेतला फरक ठरावीक ठेवतो. फरक ४२ अंशांचा असेल तर २२ अंशांच्या खोलीत चिप ६४ वर राहते आणि ४१ अंशांच्या खोलीत ८३ वर जाते. या कार्डाची नेहमीची मर्यादाच ८३ च्या आसपास आहे. तिथे पोचलं की कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या GPU-Z या प्रोग्राममध्ये `PerfCap Reason` समोर `Thrm` दिसत होतं, म्हणजे वेग उष्णतेमुळेच कमी होत होता. म्हणून नुसता चिपचा आकडा पाहू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा.

हा फरक दोन कारणांनी वाढतो आणि दोन्ही ओळखता येतात. पात्यांमध्ये धूळ अडकली असेल तर गेम सुरू केल्यावर तापमान काही मिनिटं हळूहळू चढत राहतं, कारण उष्णता कूलरपर्यंत पोचते पण हवेत जात नाही. चिप आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर आकडा पहिल्या काही सेकंदांतच उसळतो, कारण उष्णता कूलरपर्यंतच नीट पोचत नाही. भाच्याकडे दोन्ही होतं.

स्क्रू सोडण्याआधी बिल पाहिलं. कूलर धरून ठेवणाऱ्या चार स्प्रिंगच्या स्क्रूंपैकी एकावर बहुतेक वेळा छोटा स्टिकर असतो. तो फाटला की वॉरंटी गेली, असं त्यावर लिहिलेलं असतं. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यामुळे केवळ एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये कंपन्यांना तशी ताकीदही दिली. तो कायदा आपल्याकडे लागू नाही. इथे वॉरंटी कार्डावरच्या अटी पाहाव्या लागतात आणि त्या कंपनीगणिक वेगळ्या असतात. मुदत शिल्लक असेल तर बाहेरून धूळ उडवण्यापलीकडे जाऊ नका. उघडायचंच असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. उघडताना आपल्या हातून काही तुटलं तर ते मात्र वॉरंटीत बसत नाही. भाच्याची मुदत कधीच संपली होती.

आधी अंगणात ब्लोअरने धूळ उडवली. पंखा बोटाने धरून ठेवला, कारण हवेच्या झोताने तो वेड्यासारखा फिरला की बेअरिंग खराब होतं. पात्यांच्या तोंडाशी रुईचा चक्क नमदा बसला होता, चिमट्याने अख्खा निघाला. फरक ४२ वरून ३८ वर आला. सुरुवातीची उसळी मात्र तशीच होती.

मग कूलर काढला. पंख्याची वायर तुटू नये म्हणून कूलर एकदम न ओढता किंचित उचलून आधी तिची पिन सोडवली. चिपवरची पेस्ट खडूसारखी भुरभुरत होती. ती चष्म्याच्या कापडाने आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं बरंच पाणी घेऊन येतं, ते नको. ग्राफिक्स चिपवर झाकण नसतं, म्हणून नवी पेस्ट पातळ पण कोपऱ्यांसकट सगळीकडे पसरवली. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले.

इथे माझी चूक झाली. मेमरी आणि कूलर यांच्यामधले मऊ पॅड फाटले होते, त्यांच्या जागी हाताशी असलेले दीड मिलिमीटरचे लावले. गेम सुरू करताच अर्ध्या मिनिटात चिप ९० च्या पुढे गेली. लगेच बंद केलं. पुन्हा उघडलं तर चिपवरची पेस्ट एका कडेला दबलेली आणि दुसऱ्या कडेला जशीच्या तशी. जाड पॅडमुळे कूलर चिपवर सपाट टेकतच नव्हता. जुन्या पॅडची न दबलेली कड मोजली तर एक मिलिमीटर भरली. तेवढ्याच जाडीचे आणून पुन्हा पेस्ट लावली.

आता खोली ४१ वर असताना चिप ७० वर थांबते. कार्डाच्या खोक्यावर भाच्याने तारीख घालून "फरक २९" लिहून ठेवलंय. जिनिंगचा हंगाम संपला की तो पुन्हा मोजेल आणि आकडा ३५ च्या पुढे गेला तर आधी ब्लोअर काढेल. त्याच्या मित्राचा पीएस५ मात्र मी उघडला नाही. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, तो वीज वाहून नेतो आणि एक थेंब सर्किटवर ओघळला तरी मशीन जाऊ शकतं.