ऋजुताची ‘रिजुता’ झाली तर: मार्कशीटवरचं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करताना

इंदूरच्या मराठी घरांतून आमच्याकडे येणाऱ्या मार्कशीटांवर काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीत तो ‘रि’ होतो. आपला ‘ज्ञ’ Dny ने लिहिला जातो, हिंदीत Gy ने. ‘ळ’चा ‘ल’ होतो. शाळेच्या रजिस्टरात देवनागरीत नाव अगदी बरोबर असतं, पण त्यावरून इंग्रजीत टाइप करताना ते बदलतं, आणि हे ध्यानात येतं ते बहुधा पासपोर्टच्या वेळी.

हे पत्रक दहावीच्या सीबीएसई मार्कशीटबद्दल आहे. पुढचे सगळे कागद तिच्यावरून बनत जातात, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी. बारावी आणि विद्यापीठ त्यानंतर. मध्यप्रदेशच्या माध्यमिक शिक्षा मंडळाचे अर्ज वेगळे आहेत, पण तिथेही आधी शाळेचं रेकॉर्डच बघावं लागतं.

आधी चूक कुठे झाली ते शोधा

एक उदाहरण सांगतो. मुलीचं नाव ऋजुता. जन्मदाखल्यावर आणि आधारवर RUJUTA, मार्कशीटवर RIJUTA. वडील आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात नोटरी केलेलं शपथपत्र होतं: ‘मी माझे नाव रिजुता बदलून ऋजुता केले आहे.’ वर्तमानपत्रातली जाहिरातही देऊन झाली होती आणि आता राजपत्राची चौकशी चालू होती.

ते शपथपत्र आम्ही बाजूला ठेवायला सांगितलं. मुलीनं नाव बदललंच नव्हतं, ते चुकीचं छापलं गेलं होतं. बोर्डाच्या लेखी ‘दुरुस्ती’ आणि ‘बदल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘बदलले’ असं स्वतःच लिहून दिलं की साधी दुरुस्ती अवघड वाटेला लागते. हा शब्द कुणाच्याही सांगण्यावरून लिहू नका.

मग वडील शाळेत गेले आणि प्रवेशाच्या वेळी स्वतः भरलेला फॉर्म काढून घेतला. त्यावर RUJUTA होतं. दाखल-खारिज रजिस्टरात ‘ऋजुता’. परीक्षार्थींच्या ज्या यादीवरून मार्कशीट तयार होते, तिच्यात मात्र RIJUTA. म्हणजे चूक यादी टाइप करताना झाली होती.

अशा वेळी अर्ज शाळेमार्फत जातो. सोबत प्रवेश फॉर्म, आधीच्या शाळेची टीसी आणि दाखल-खारिज रजिस्टरातल्या त्या नोंदीचं पान जोडायचं, तिन्हींच्या प्रती प्राचार्यांनी साक्षांकित केलेल्या. रजिस्टरच्या पानावर खाडाखोड दिसली तर शंका येते, म्हणून शाळेत कुणी आत्ता ‘नीट करून देतो’ म्हणालं तरी जुन्या नोंदीला हात लावू देऊ नका.

शाळेच्या फॉर्मवरच चूक असेल तर

मग शाळेचं रेकॉर्ड तुमच्या बाजूनं बोलत नाही. पण वाट बंदही होत नाही. ३ जून २०२१ रोजी जिज्ञा यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जन्मदाखला, आधार यांसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांच्या आधारे केलेल्या मागणीचाही बोर्डानं विचार केला पाहिजे. त्यासाठी बोर्ड शपथपत्र आणि मूळ प्रमाणपत्र परत मागू शकतं, आणि नव्या प्रमाणपत्रावर जुन्या नोंदीचा उल्लेखही ठेवू शकतं. हा उल्लेख पाहून घाबरू नका; त्यानं प्रमाणपत्र कमी प्रतीचं ठरत नाही.

केवळ आवडीनं वेगळं नाव घ्यायचं असेल तर त्याला न्यायालय आणि राजपत्र लागतं. ते काम आम्ही घेत नाही, वकिलांकडे जा.

जन्मतारीख

इथे बोर्ड जास्त कडक आहे. ०५-०८ चं ०८-०५ झालं आणि शाळेच्या रजिस्टरात तारीख बरोबर असली, तर वरच्यासारखीच दुरुस्ती होते. रजिस्टरातच चुकीची असेल, तर जन्मदाखल्यावरची जन्माची तारीख नव्हे, नोंदणीची तारीख आम्ही आधी बघतो. जन्मानंतर लगेच झालेली नोंद वजनदार असते. वाद निघाल्यावर, पंधरा-सोळा वर्षांनी करून घेतलेल्या दाखल्यावर प्रश्न येणारच, आणि तसं आम्ही तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगू.

आमच्याकडे येताना

मार्कशीट, जन्मदाखला आणि आधार यांच्या झेरॉक्स आणा. मूळ मार्कशीट आम्ही ठेवून घेत नाही. ती बोर्डानं मागितल्यावर शाळेमार्फतच द्या. अर्ज लिहून देणं आणि कागद तपासणं एवढंच आमचं काम आहे. निर्णय बोर्डाचा असतो, आणि आतून ओळखीनं लवकर करून देतो असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

अर्जाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, तेव्हा चूक दिसल्याबरोबर शाळेत जा. नवी मार्कशीट हाती आली की डिजिलॉकरमधली प्रतही उघडून बघा. कागदावर RUJUTA आणि तिथे अजून RIJUTA असेल, तर प्रवेशाच्या वेळी तोच घोळ पुन्हा समोर येईल.